सोमवारच्या भेटीआधी माझे प्रश्न

नमस्कार मॅडम,

काल महापेच्या ऑफिसात मनमोकळं बोलणं झालं. काम मला मनापासून आवडलंय. पण 24 लाखांची नोकरी सोडून तुमच्या स्टार्टअपमध्ये 18 लाख पगार आणि 4,000 शेअर ऑप्शन्सवर यायचं, त्यात कासारवडवलीच्या फ्लॅटचा 41,000 चा हप्ता चालू आहे. म्हणून प्रश्न आधीच लिहून पाठवतोय, म्हणजे आकडे काढून ठेवता येतील.

सगळ्यात आधी, 4,000 कशापैकी? ईसॉप पूल आणि कन्व्हर्टिबल नोट्स धरून एकूण शेअर्स किती होतात? 10 लाख असतील तर माझा वाटा 0.4 टक्के, 1 कोटी असतील तर 0.04. पुढच्या राउंडआधी पूल वाढवायचा झाला, तर तो कोणाच्या वाट्यातून?

एक्सरसाइज प्राइस किती? समजा 10 रुपये आहे आणि मी ऑप्शन्स वापरून शेअर्स घेईन तेव्हा शेअरची किंमत 250 ठरली, तर 4,000 शेअर्सवरचा 9.6 लाखांचा फरक माझा पगार म्हणून धरला जाईल आणि एक शेअरही न विकता त्यावर कर भरावा लागेल. पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो. त्यासाठी नुसती डीपीआयआयटीची मान्यता पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. ते आपल्याकडे आहे का?

व्हेस्टिंग चार वर्षांचं म्हणालात. पहिलं वर्ष कायद्यानेच थांबावं लागतं, ते ठीक. त्यानंतर दर महिन्याला की वर्षाला? आणि नोकरी सोडली तर व्हेस्ट झालेले ऑप्शन्स घ्यायला मुदत किती? आधीच्या कंपनीत मला 90 दिवस होते. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत आणि तीन वर्षांचे ऑप्शन्स गेले. ते अजून सलतं, म्हणून या मुद्द्यावर मी अडून बसेन.

सीड राउंडचे सगळे पैसे खात्यात आलेत, की काही टप्पे बाकी आहेत? आज बँकेत किती, महिन्याचा खर्च किती, आणि नवीन पैसे आलेच नाहीत तर किती महिने निघतील? सर्वात मोठा ग्राहक सुटला तर हाच आकडा काय होतो?

कंपनी स्वस्तात विकावी लागली, तर गुंतवणूकदार आधी किती घेणार? एकपट की जास्त? स्वतःचे पैसे घेऊन झाल्यावर उरलेल्यातही त्यांचा वाटा असेल का?

शेवटचं विचारायला अवघड जातंय, पण विचारतो. आजवर कधी पगार उशिरा झालाय का? झाला असेल तर टीमला आधी सांगितलं होतं का? पीएफ वेळेवर भरला जातो का?

ईसॉप योजनेची प्रत आणि ग्रँट लेटरचा नमुना रविवारपर्यंत मिळाला तर सीए मित्राला दाखवून येईन. सोमवारी 11 वाजता ऑफिसात पोहोचतो.