‘सातची खिडकी’ : कथेवरून वनलाइन, पहिला खर्डा

लघुपट, अंदाजे २० मिनिटं. एकूण सीन २२. मूळ कथा साधारण ३,२०० शब्दांची, मीराच्या तोंडून सांगितलेली.

पात्रं : मीरा (४८), तिचा धाकटा भाऊ सुहास (४४), शेजारच्या काकू (सत्तरीच्या पुढे), घर विकून देणारा एजंट. बाबा कुठेच दिसत नाहीत, फोटोतही नाहीत.

यादी वाचण्याआधी एवढं लक्षात असू द्या. कथेचा निम्मा भाग मीराच्या डोक्यात घडतो : रविवारचे फोन, आईचं आजारपण, बाबांचा ‘मला काही लागत नाही’ हा स्वभाव. यातलं काहीही फ्लॅशबॅकने किंवा निवेदनाने दाखवायचं नाही, असं ठरवूनच हा खर्डा केला आहे. आठवण ज्या वस्तूला चिकटली आहे ती वस्तू ठेवली आणि आठवण काढून टाकली. रेडिओ, कॅलेंडर, पिवळा धागा एवढ्यावरच सगळा भार आहे. जागा, वेळ किंवा प्रसंग बदलला की नवा सीन. प्रत्येक ओळीत काय दिसतं आणि त्यानंतर काय बदललेलं असतं, एवढंच लिहिलं आहे. ‘मीराला वाटतं’ असं एकाही ओळीत आलेलं नाही. कुठे सापडलं, तर ती ओळ खोडा आणि मला सांगा.

१. बाहेर, इमारतीची मागची बाजू / पहाट : हाताच्या अंतरावरच्या दोन खिडक्यांपैकी एक उघडते, दुसरी बंदच राहते, आणि उघडलेल्या खिडकीतला म्हातारा हात गजावर थबकतो.

२. आत, जिना / सकाळ, दोन आठवड्यांनंतर : रिकामी खोकी घेऊन मीरा आणि सुहास वर येतात, शेजारचं दार फटीएवढं उघडून मिटतं, आणि ते फक्त मीराला दिसतं.

३. आत, बाबांची बैठक / सकाळ : सुहास कोंदट घराची खिडकी उघडायला जातो, मीरा त्याला थांबवते, आणि का थांबवलं ते दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

४. आत, बैठक / त्याला लागून : एजंट चार वाजता येणार म्हणून कामं वाटली जातात : कागदपत्रं सुहासकडे, कपाटं मीराकडे.

चौथा सीन कथेत नाही. कथेतल्या मीराला भरपूर वेळ आहे, ती एकेका वस्तूपाशी रेंगाळते आणि वाचक तिच्यासोबत रेंगाळतो. पडद्यावर तेच केलं तर दहाव्या मिनिटाला प्रेक्षक हातातून जाईल. चार वाजता कुणीतरी येणार हे कळलं की साधं कपाट उघडण्यालाही घाई येते. एजंट कथेत एका वाक्यापुरता होता, त्याला मी वेळ दिली.

५. आत, स्वयंपाकघर / सकाळ : मीराला ओट्यावर धुऊन पालथे घातलेले दोन कप दिसतात, आणि त्यातला निळा कप या घरातला नाही.

६. आत, शयनघर / दुपार : बाबांच्या कोटाच्या खिशात पिवळा धागा बांधलेली चावी सापडते.

७. आत, घरभर / दुपार : भावंडं ती चावी कपाट, ट्रंक, माळ्यावरची पेटी अशी जिथे तिथे लावून बघतात, दोघांना लहानपणासारखं हसू फुटतं, आणि ती कशालाच लागत नाही.

८. आत, बैठक / दुपार : बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘सकाळी ७.१० वाजता घरात आढळले’ असं वाचून सुहास दाराचं लॅच तपासतो, ते कुणी तोडलेलं नाही, आणि त्या धावपळीत आपण कुणालाच काही विचारलं नव्हतं हे दोघांना कळतं.

इथून ही रहस्यकथा होते, आणि होऊ द्यावी. कथेत हा दाखला सहाव्या पानावर येतो आणि पुढच्याच परिच्छेदात निवेदिका सगळं सांगून टाकते. कागदावर ते चालून जातं, कारण तिथे तिचा आवाज ऐकण्यासाठीच आपण वाचत असतो. पडद्यावर मात्र ‘बंद घरात कोण शिरलं?’ हा प्रश्न आठव्या सीनपासून सोळाव्यापर्यंत आपल्याला ओढत नेऊ शकतो. म्हणून दाखला पुढे आणला आणि उत्तर मागे ढकललं. कथेच्या क्रमात केलेला सर्वांत मोठा बदल हाच.

९. आत, बैठक / त्याला लागून : भिंतीपलीकडून रेडिओची खरखर ऐकू येते आणि मीराची नजर फळीवरच्या धुळीतल्या रिकाम्या चौकोनावर जाते, जिथे आईचा रेडिओ असायचा.

१०. आत, पॅसेज / दुपार : सुहासने बेल वाजवल्यावर काकू साखळी न काढता दार उघडतात, ‘चावी होती माझ्याकडे’ एवढंच म्हणून ती फटीतून त्याच्या हातात देतात आणि दार लावून घेतात.

११. आत, जिना / त्याला लागून : सुहास काकूंवर चोरीचा संशय घेतो, मीरा अडवते, आणि वाद ‘ताई, तू शेवटची कधी आली होतीस?’ या प्रश्नावर येऊन तुटतो.

अकरावा सीन पटकथेत अडीच पानांचा तरी होईल. बाकीचे बहुतेक सीन अर्ध्या पानात संपतील. तो छोटा करण्याचा मोह होईल, करू नका. काकूंवरचा राग मुळात एकमेकांवरचा आहे, आणि हे कुणीही म्हणून न दाखवता कळायला हवं असेल तर दोघांना बोलायला पुरेशी जागा द्यावी लागेल. कथेत मीरा या प्रश्नाचं उत्तर मनात देते. इथे ती देत नाही. खोक्यावर चिकटपट्टी मारायला लागते.

१२. आत, स्वयंपाकघर / दुपार : एकटी मीरा भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढते तेव्हा तिला रोजच्या तारखेवर पेन्सिलची बारीक खूण दिसते, फक्त मध्येच चार चौकोन कोरे आहेत.

१३. आत, बैठक / चार वाजता : एजंट टेप लावून मापं घेतो आणि खिडकीपाशी थांबून म्हणतो की शेजारची खिडकी इतकी जवळ आहे म्हणजे भावात मार खावा लागेल.

१४. आत, बैठक / त्याला लागून : एजंट जिना उतरत असताना मीरा पहिल्यांदा ती खिडकी उघडते आणि हात लांब करून बघते, काकूंच्या गजाला बोटं लागतात.

१५. आत, बैठक / संध्याकाळ : काकूंनी दिलेली चावी टेबलावर पडली आहे, मीरा कोटातली चावी तिच्याशेजारी ठेवते, आणि दोन्हींना तोच पिवळा धागा आहे.

१६. आत, पॅसेज / संध्याकाळ : मीरा कोटातली चावी काकूंच्या कुलपात घालते, ती फिरते, पण दार न ढकलता मीरा चावी काढून घेते आणि बेल वाजवते.

या सीनसाठी मी सगळी कथा उलटी-पालटी केली. मूळ मजकुरात ‘ती चावी काकूंच्या घराची होती’ असं एक वाक्य आहे. इथे कुलूप फिरल्याचा आवाज येतो आणि रहस्य सुटतं. पण दार न उघडणं हा भाग त्याहून मोठा आहे. चावी हातात असूनही ती बेल वाजवते, आणि बाबा इतकी वर्षं कसे वागत असतील ते त्यातून कळतं. शूटिंगच्या वेळी वेळ कमी पडला म्हणून बेल गाळली, तर सीन फक्त माहिती देईल. बेल राहिलीच पाहिजे.

१७. आत, काकूंचं घर / संध्याकाळ : मीरा कॅलेंडरवरचे चार कोरे चौकोन दाखवते, काकू म्हणतात ‘तेव्हा मी मुलीकडे होते’, आणि मग ठरलेली गोष्ट सांगतात : सातला खिडकी उघडली नाही तर जाऊन बघायचं.

१८. आत, काकूंचं घर / त्याला लागून : काकू आईचा रेडिओ परत द्यायला उचलतात, बाबांना तो भिंतीपलीकडून ऐकू येईल इतका मोठा लावायची त्यांना सवय आहे हे कळतं, आणि मीरा तो पुन्हा जागेवर ठेवते.

१९. आत, बाबांची बैठक / रात्र : मीरा सुहाससमोर दोन्ही चाव्या ठेवून सगळं सांगते, आणि सगळं ऐकून तो एवढंच विचारतो : ‘त्या दिवशी काकू एकट्याच आत आल्या?’

२०. आत, पॅसेज / रात्र : सुहास काकूंची बेल वाजवतो आणि दुपारी घेतलेली चावी दोन्ही हातांनी परत देतो, या वेळी साखळी काढलेली आहे.

२१. आत, बैठक / पहाट : खोक्यांच्या मध्ये अंथरुणावर जागी असलेल्या मीराला भिंतीपलीकडून सातच्या बातम्या ऐकू येतात, आणि ती उठते.

२२. बाहेर, इमारतीची मागची बाजू / सकाळ : बाबांची खिडकी उघडते, काकूंची अजून बंद आहे, मीरा वाट बघते.

शेवटाबद्दल आपल्याला बसून बोलावं लागेल. कथेत दोन्ही खिडक्या उघडतात आणि मीरा घर न विकण्याचा निर्णय घेते. घराचा निर्णय मी काढला. एका दिवसात असा निर्णय घेणं मला पटत नाही, आणि सुहासचा हिस्सा आहे त्याचं काय, याचं उत्तर कथेकडेही नाही. काकूंची खिडकी उघडताना दाखवायची की मीराच्या वाट बघण्यावर थांबायचं, हे मात्र मोकळं ठेवलं आहे. माझं मत थांबण्याच्या बाजूने आहे. रोज सकाळी सात वाजता काकूंनी आणि बाबांनी काय सोसलं असेल ते अर्धा मिनिट प्रेक्षकालाही सोसू द्यावं.

कथेतून गाळलेलं : मीराच्या नवऱ्याचा फोन, शाळेतली आठवण, आईच्या इस्पितळातली रात्र, खालच्या मजल्यावरचा मुलगा. यातला खालचा मुलगा लेखिकेला प्रिय आहे, हे मला माहीत आहे. पण तो ज्या एका कामासाठी कथेत येतो, म्हणजे ‘आजोबा रोज खिडकीशी उभे असायचे’ हे सांगण्यासाठी, ते काम आता कॅलेंडर करतं. एकच गोष्ट दोनदा सांगितली की बाराव्या सीनची धार जाते. त्यांच्याशी मी स्वतः बोलेन.

शूटिंगच्या दृष्टीने : दोन घरं, एक पॅसेज-जिना आणि मागची बाजू एवढ्याच जागा आहेत. सीन १ आणि २२ एकाच पहाटे घेता येतील, मात्र पहिल्यात बाबांची खिडकी धुळकट आणि शेवटच्यात पुसलेली हवी. ३ ते ९ सलग घ्या, कारण खोली हळूहळू रिकामी होत जाते आणि मागेपुढे केलं तर खोक्यांची कंटिन्युइटी सांभाळणं अवघड जाईल. काकूंच्या घरातले १७ आणि १८ शेवटच्या दिवशी ठेवा, म्हणजे तोवर मीराचं काम करणारी अभिनेत्री ते घर आतून बघणार नाही.

सतराव्या सीनचे संवाद मी अजून लिहिलेले नाहीत. काकूंचं काम कोण करणार ते ठरलं की त्यांच्यासोबत एकदा वाचन करू, मग लिहितो.