विषय: 10 ऑगस्टच्या कमिटी मीटिंगचा गोषवारा, कामांची नावे आणि पुढची तारीख

नमस्कार मंडळी,

रविवारी ठरलेलं सगळं अजून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून पाठवते आहे. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख आहे. "आपण बघू" असं ज्या कामांबद्दल म्हटलं गेलं, तीही कुणाच्या तरी नावावर टाकली आहेत, कारण गेल्या वर्षभरात "आपण" या सद्गृहस्थांनी एकही काम केलेलं नाही. आपलं नाव किंवा तारीख चुकली असेल तर मंगळवार, 12 ऑगस्टच्या रात्रीपर्यंत याच मेलवर कळवा. कुणाचं उत्तर आलं नाही तर संमती धरून हेच इतिवृत्ताच्या वहीत जाईल.

सोलर : तीन कोटेशन्स आली आहेत, दोन 20 किलोवॅटची आणि एक 30 ची. तिसरं स्वस्त दिसतं म्हणून बराच वेळ त्यावर चर्चा झाली, पण नेट मीटरिंगमध्ये आपल्या मंजूर भारापेक्षा मोठी यंत्रणा बसवता येत नाही. तेव्हा आधी आपला भार किती ते पाहायचं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं आणि त्यावरचा मंजूर भार नीलेश शनिवार, 16 ऑगस्टपर्यंत ग्रुपवर टाकेल.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात, म्हणजे 20 किलोवॅटला 3,60,000. हे अनुदान हवं असेल तर पॅनेलमधले सेलही भारतातच बनलेले लागतात. एका कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नाही, आणि नेमकं तेच सर्वात स्वस्त आहे! सुजाताताई तिघांकडून लेखी उत्तर घेतील : पॅनेल देशी सेलचे आहेत का, पाच वर्षांची देखभाल किमतीत धरली आहे का, आणि स्ट्रक्चर उभारताना स्लॅबला भोकं पाडणार का. मुदत गुरुवार, 21 ऑगस्ट. तोंडी आश्वासनं मोजायची नाहीत असं ठरलं आहे.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बी विंगची गच्ची आधीच गळते आहे. क्रम असा ठरला : आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर. पॅनेल एकदा बसले की खालचं काम करायला सगळं उतरवावं लागेल, आणि तो खर्च पुन्हा आपल्याच माथी. पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही, त्यामुळे सोलरची ऑर्डर दसऱ्याआधी देण्याचा आग्रह कृपया कुणी धरू नये. अभिजितराव दोन ठेकेदारांना गच्ची दाखवून अंदाजपत्रक बुधवार, 20 ऑगस्टपर्यंत आणतील. जोशीकाकांनी विचारलं होतं त्याचं उत्तर : गच्ची सामायिक आहे, खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून होईल, वरच्या मजल्याकडून वेगळी वर्गणी नाही. काका, बादल्यांचे फोटो पोचले. आता पुरे.

मृणाल मीटिंगला नव्हती, तरी तिच्या नावावर एक काम आहे. मी काल फोनवर तिचा होकार घेतला आहे. गांडूळ खताचा खड्डा आणि पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था चालू आहे, तर मिळकत करात महापालिकेची सवलत मिळवायला कोणती कागदपत्रं लागतात, ते ती क्षेत्रीय कार्यालयात विचारून 22 ऑगस्टपर्यंत सांगेल.

गणपतीच्या मंडपासाठी पार्किंगमधल्या ज्या गाड्या हलवायच्या त्यांची यादी : सायली, 22 ऑगस्ट. यावर वाद नको, पाच मिनिटांत ठरलं होतं.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. आपण रविवार, 14 सप्टेंबर धरला आहे. पितृपक्ष आहे हे दोघांनी निदर्शनास आणलं. ताळेबंद मंजूर करायला मुहूर्त लागत नाही, असं बहुमत पडलं. नोटीस पूर्ण 14 दिवस आधी पोचली पाहिजे, म्हणून ती सोमवार, 25 ऑगस्टला मी स्वतः घरोघरी देऊन सह्या घेणार आहे. त्यासाठी प्रकाशराव लेखापरीक्षण झालेले हिशेब 22 ऑगस्टला माझ्या हातात देतील. ही तारीख मात्र एक दिवसही पुढे सरकणार नाही.

पुढची मीटिंग : रविवार, 24 ऑगस्ट 2025, सकाळी 10 वाजता, क्लब हाऊसमध्ये. आधी 31 तारीख सुचवली होती, पण त्या दिवशी गौरी येणार, आणि निम्मी कमिटी कोथरूडबाहेर असेल. विषय तीनच : वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक, सोलरची लेखी उत्तरं, सभेची विषयपत्रिका. कुणाला येता येत नसेल तर आपल्या कामाची स्थिती शनिवारी रात्रीपर्यंत दोन ओळींत पाठवावी.

मेधा
मानद सचिव