गर्भाशयाची उंची, गर्भारपणाचे आठवडे आणि धोक्याची लक्षणे: एएनएम द्वितीय वर्षासाठी प्रश्नसंच

वेळ दीड तास, एकूण गुण ३०. हा संच इंदूर परिसरातील उपकेंद्रांवर अनुभवासाठी जाणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थिनींसाठी आहे. सर्व प्रश्न सोडवावेत. केवळ निदानाचे नाव लिहिल्यास गुण मिळणार नाहीत. कोणत्या निरीक्षणावरून तो निष्कर्ष काढला, ते प्रत्येक उत्तरात स्पष्ट दिसले पाहिजे.

प्रश्न १ (१२ गुण)

पहिलटकरीण असलेली २२ वर्षांची स्त्री ३ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथमच उपकेंद्रावर आली. शेवटच्या पाळीची तारीख विचारल्यावर ती म्हणाली, "तारीख नाही हो ताई आठवत. पण राजवाड्यावर रंगपंचमीची गेर पाहून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी पाळी आली होती." तिची पाळी दर २८ दिवसांनी नियमित येत असे. त्या वर्षी रंगपंचमी १९ मार्चला होती आणि तो पहिला दिवस धरल्यास तिसरा दिवस २१ मार्च येतो. विद्यार्थिनीने पोट मोजले तेव्हा उंची ३२ सेंटीमीटर भरली. नंतर ती स्त्री लघवी करून आली आणि पुन्हा मोजल्यावर उंची २९ सेंटीमीटर भरली. ३१ ऑक्टोबरच्या दुसऱ्या भेटीत लघवी करून आल्यावरच मोजले, तेव्हाही २९ सेंटीमीटरच भरले. बाळाच्या हालचाली "आधीपेक्षा जरा कमीच वाटतात" असे तिने स्वतःहून सांगितले, मात्र तिची दुसरी कोणतीही तक्रार नव्हती.

(अ) प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि ३ ऑक्टोबर रोजी पूर्ण झालेले आठवडे काढा. (३)
(आ) पहिल्या भेटीतील कोणते माप कार्डावर नोंदवाल, आणि का? (३)
(इ) दुसऱ्या भेटीतील मापाचा अर्थ लावा. विद्यार्थिनी म्हणते, "९ तारखेच्या मातृत्व अभियानाच्या शिबिरात डॉक्टर असतीलच, तोवर थांबू." तिला काय सांगाल? (६)

प्रश्न २ (४ गुण)

टेपने उंची मोजण्याची पद्धत क्रमाने लिहा. तसेच १२, २४ आणि ३६ आठवड्यांना गर्भाशयाचा माथा कोठे लागतो, आणि ४० आठवड्यांना उंची कमी झालेली दिसली तरी ती नेहमी धोक्याची का नसते, ते सांगा.

प्रश्न ३ (१० गुण)

३४ आठवड्यांची दुसरेपणाची गरोदर स्त्री सासूसोबत आली आहे. तिला सकाळपासून डोके दुखते आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि हातातल्या बांगड्या निघत नाहीत. सासू म्हणते, "माझ्या पाचही बाळंतपणांत पाय सुजत. उन्हातान्हाचं काम, डोकं दुखणारच." रक्तदाब १६४/११० आहे, लघवीत प्रथिने दोन प्लस आहेत आणि गर्भाशयाची उंची ३३ सेंटीमीटर आहे.

(अ) या स्त्रीमधील धोक्याची लक्षणे ओळखा आणि उंची ठीक असूनही ती निश्चिंत का करत नाही, ते लिहा. (४)
(आ) उपकेंद्रावर आणि वाहन येईपर्यंत काय कराल? झटका आल्यास काय कराल? (४)
(इ) सासूबाईंना तुम्ही काय सांगाल, ते त्यांच्या समजुतीच्या भाषेत दोन-तीन वाक्यांत लिहा. (२)

प्रश्न ४ (४ गुण)

३२ आठवड्यांच्या स्त्रीच्या अंगावर लाल रक्त गेले आहे, पोट दुखत नाही आणि ती घाबरलेली नाही. येथे कोणती एक तपासणी मुळीच करायची नाही, आणि का?

उत्तरे तपासताना

प्रश्न १ (अ): २१ मार्चमध्ये नऊ महिने आणि सात दिवस मिळवल्यास २८ डिसेंबर २०२५ ही तारीख येते. ३ ऑक्टोबरपर्यंत १९६ दिवस, म्हणजे नेमके २८ आठवडे होतात. २८० दिवस थेट मोजणाऱ्या विद्यार्थिनीला २६ डिसेंबर मिळेल, आणि तेही बरोबर धरावे. महिने कमीजास्त दिवसांचे असल्यामुळे हा फरक पडतो आणि त्याने काळजी बदलत नाही. सणावरून तारीख काढणे ही आपल्या भागातील उपयोगी रीत आहे, परंतु सणाचा दिवस दिनदर्शिकेत पाहूनच तारीख नोंदवावी आणि पाळी नियमित होती का, हे विचारले पाहिजे.

(आ): नोंद २९ सेंटीमीटरची करावी, कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलते आणि माप तीन सेंटीमीटरपर्यंत फसवे वाढवू शकते. २८ आठवड्यांना २९ सेंटीमीटर हे माप दोन सेंटीमीटरच्या मुभेत बसते. ३२ हे माप कार्डावर गेले असते, तर जुळ्यांचा किंवा जास्त पाण्याचा विनाकारण संशय आला असता आणि दुसऱ्या भेटीत उंची घटल्याचा भास झाला असता.

(इ): या संचातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून उत्तरे सावकाश वाचावीत. ३१ ऑक्टोबरला ३२ आठवडे पूर्ण होतात. माप तीन सेंटीमीटरने मागे आहे आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चार आठवड्यांत ते जागचे हललेले नाही. बाळाची वाढ खुंटल्याचा किंवा गर्भजल कमी झाल्याचा संशय घेतलाच पाहिजे. तारीख पुन्हा पडताळावी, पोट चाचपून बाळाची स्थिती पाहावी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासावी, बाळाचे ठोके ऐकावेत. हालचाली कमी झाल्या आहेत असे स्त्री स्वतःहून सांगते तेव्हा ते धोक्याचे लक्षण असते. म्हणून ९ तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि डॉक्टरांची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचे. जिने केवळ "आयएफए गोळ्या द्याव्या, आहार सांगावा" असे लिहिले असेल, तिला या भागात दोनपेक्षा अधिक गुण देऊ नयेत.

प्रश्न २: लघवी करवून घ्यावी, स्त्रीला पाठीवर पाय सरळ ठेवून झोपवावे आणि गर्भाशय एका बाजूस कललेले असल्यास मध्यभागी आणावे. छातीच्या हाडाच्या टोकापासून डाव्या हाताच्या कडेने खाली येत माथा शोधावा. टेपचे शून्याचे टोक ओटीपोटाखालच्या जघनाच्या हाडाच्या वरच्या कडेवर धरावे आणि आकडे खाली करून टेप माथ्यापर्यंत न्यावा. आकडा आधी दिसला, तर मनातले माप हाताला ओढते. १२ आठवड्यांना माथा त्या हाडाच्या किंचित वर, २४ ला बेंबीपाशी आणि ३६ ला छातीच्या हाडाच्या टोकाशी लागतो. ४० आठवड्यांना डोके कटीत उतरल्यामुळे माथा ३२ आठवड्यांच्या पातळीला येतो, मात्र कुशी भरलेल्या असतात.

प्रश्न ३: तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, हातांची सूज, १६०/११० किंवा त्याहून जास्त रक्तदाब आणि लघवीत प्रथिने ही तीव्र प्री-एक्लॅम्प्सियाची चिन्हे आहेत. उंची बाळाच्या वाढीविषयी सांगते, आईच्या रक्तदाबाविषयी ती काहीच सांगत नाही. स्त्रीला एकटे सोडू नये, डाव्या कुशीवर ठेवावे, डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे, १०८ बोलवावी आणि कार्डावर सर्व नोंदी वेळेसह कराव्यात. झटका आल्यास श्वासमार्ग मोकळा ठेवावा, कुशीवर वळवावे, दात उघडण्यासाठी तोंडात काही घालू नये आणि मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, म्हणजे एकूण १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम खोल स्नायूत देऊन पाठवावे.

(इ) साठी असे उत्तर चालेल: "काकू, पायाची सूज वेगळी आणि हात सुजून डोळ्यांपुढे काजवे चमकणं वेगळं. रक्तदाब इतका चढला की झटका येऊ शकतो, आणि त्यात आई-बाळ दोघांनाही धोका असतो. गाडी येतेय, तुम्हीही हिच्यासोबत चला." सासूला कमी लेखणारे उत्तर बरोबर असले तरी अर्धेच गुण द्यावेत, कारण ती तयार झाली नाही तर वाहन दारात उभे राहूनही उपयोग होत नाही.

प्रश्न ४: योनीमार्गाची अंतर्तपासणी करायची नाही. वार खाली असल्यास बोट लागून अति रक्तस्राव होऊ शकतो. वेदना नसणे हे येथे दिलासा देणारे लक्षण नाही. स्त्रीला झोपवून, नाडी आणि रक्तदाब घेऊन, शक्य असल्यास शिरेतून द्रव सुरू करून, रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब पाठवावे.