नोंदींच्या कामाबाबत आशाताईंना आठ मिनिटांची विनंती

तालुक्यातील सर्व आशाताईंना सप्रेम नमस्कार.

आपल्या नोंदवह्यांच्या कामाविषयी एक छोटी प्रश्नावली या पत्रासोबत गुगल फॉर्मच्या रूपात पाठवत आहे. ती भरायला साधारण आठ मिनिटे लागतात. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील पाच ताईंकडून आम्ही ती आधी भरून घेतली, तेव्हा सर्वांत लवकर सहा मिनिटांत आणि सर्वांत उशिरा नऊ मिनिटांत ती पूर्ण झाली. सुरुवातीला प्रश्न एकतीस होते. ज्यांची उत्तरे कार्यालयाकडे आधीच आहेत ते सगळे काढून टाकल्यावर चौदा उरले. त्यांपैकी बारा प्रश्नांना केवळ खूण करायची आहे. ती शनिवार, दि. 22 नोव्हेंबर 2025 रोजी सायंकाळी सहा वाजेपर्यंत भरून द्यावी, ही विनंती.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा गृहभेटी आपण देता. प्रसूती घरी झाली असेल, तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. मागच्या मासिक सभेला केंद्राच्या ओट्यावर बसून एक ताई एकाच बाळाचे वजन आधी भेटीच्या फॉर्मवर, मग डायरीत आणि शेवटी अहवालाच्या कागदावर उतरवत होत्या. बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलायला त्यांना जेवढा वेळ लागला असेल, त्याहून अधिक वेळ त्या एका आकड्यामागे गेला. अशा दुबार नोंदी नेमक्या कुठे होतात, हे आपल्याशिवाय कोणालाच नीट सांगता येणार नाही. त्यांतील कोणत्या बंद करता येतील याचा लेखी प्रस्ताव गुरुवार, दि. 27 नोव्हेंबरच्या तालुका आढावा सभेत मांडायचा आहे आणि उत्तरांचे संकलन करायला मधले चार दिवस लागतील, म्हणून मुदत शनिवारची ठेवली आहे. त्यानंतर आलेली उत्तरे या प्रस्तावात घेता येणार नाहीत.

प्रश्नावलीत नाव, गाव किंवा मोबाईल क्रमांक विचारलेला नाही. या उत्तरांचा आपल्या मोबदल्याशी किंवा कामाच्या मूल्यमापनाशी कोणताही संबंध राहणार नाही, हे मी जबाबदारीने लिहीत आहे. त्यामुळे एखादी नोंदवही वेळेअभावी मागे पडत असेल, तर तसेच लिहावे; प्रस्तावाला खरा आधार त्याच उत्तराचा मिळणार आहे.

डोंगरपट्ट्यातील वाड्यांवर रेंज मिळत नाही, याची कल्पना आहे. तेथील ताईंसाठी छापील प्रती गटप्रवर्तकांकडे दिल्या आहेत. भरलेली प्रत पाकिटात बंद करून त्यांच्याकडे द्यावी. केवळ त्यासाठी तालुक्याला येऊ नये. सभेत जो निर्णय होईल, तो डिसेंबरच्या मासिक सभेत प्रत्येक केंद्रावर वाचून दाखवला जाईल.

आपली,
तालुका समूह संघटक
तालुका आरोग्य अधिकारी कार्यालय
दि. 12 नोव्हेंबर 2025