उभेच दार राहिले

स्पर्धेसाठी प्रवेशिका
दिलेला रदीफ: राहिले
दिलेला काफिया: दार, फार, चार (अलामत 'आ')
वृत्त: चामर (गालगाल गालगाल गालगाल गालगा)

गाव खोल झोपले, उभेच दार राहिले
बोललो जरा जरा, मुकेच फार राहिले

चोपड्या बुडून वाणियास आठवेचना
आमचे कुणाकुणाकडे उधार राहिले

कोरडाच आकडा सहीसमोर मांडला
पापण्यांत नांगरून ते शिवार राहिले

टोपली धुऊन आजही उन्हात ठेवते
हाट वाहिला, तिच्यात सोमवार राहिले

भांडणे मिटायची जिथे, तिथे जळातही
मासळीस न्याय सांगण्यास पार राहिले

पत्र वाहिले तुझे नि चित्र वाहिले तुझे
एवढ्या पुरात कोरडे नकार राहिले

देव आणले, नव्या वसाहतीत मांडले
मूळच्या शिळेस घालण्यास हार राहिले

देवळा, तुला उन्हात एकदाच भेटणे
एवढे जळासवे जुने करार राहिले

ऊस आमच्या जळावरी उभा दुज्यांकडे
मालकी बुडून फक्त कामगार राहिले

पाच वर्ष संपली नि पाच वर्ष लागली
नाव ना, जमीन ना, उमेदवार राहिले

दुर्बिणी धरून लोक रोहितास शोधती
आमचे बघायचेच आरपार राहिले

पोचलो नव्या घरात, राहिलोच ना कधी
आजही निघायचेच दीस चार राहिले

शेर बांधले कितीक, दोर सोडला किती
ओळ पोचली वरी, तळात सार राहिले

मनोगत
(नियमानुसार सोबत जोडत आहे. प्रवेशिकेवर नाव नको म्हटल्यामुळे मक्त्यात तखल्लुस घेतलेला नाही.)

आमचं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पण गावं त्याआधीच उठली. मी तेव्हा कडेवर होतो, म्हणजे माझ्या आठवणी सगळ्या ऐकीव. त्यामुळे 'राहिले' हा रदीफ जाहीर झाला तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. वृत्त मात्र तुम्ही मोकळं ठेवलं होतं, आणि चामर निवडून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

चामरात गुरू, लघू, गुरू, लघू अशी पंधरा अक्षरं बिनचूक चालतात (गण मांडले तर र ज र ज र). दोन लघू शेजारी येऊ शकत नाहीत, दोन गुरूही नाहीत. पहिल्याच रात्री लक्षात आलं की 'घर' बसत नाही. घ आणि र, दोन्ही लघू. 'धरण' बसत नाही. 'पाणी' बसत नाही, कारण ते दोन गुरू. 'पाण्यात' म्हणा, 'पाण्याला' म्हणा, कसंही वळवा. 'भीमा' नाही, 'उजनी' नाही, गंमत म्हणजे 'गझल'सुद्धा नाही. बुडालेल्या गावावर लिहायचं आणि त्यात पाणी नाही! एका गुरूच्या जागी दोन लघू घेण्याची सूट हल्ली बरेच जण घेतात, आणि तुमच्या नियमांतही ती चालते. मी दोन दिवस त्या मोहात होतो. मग सोडून दिलं. घर नसणं हीच तर गोष्ट होती. बाराव्या शेरात 'घरात' आलं आहे ते विभक्तीच्या आधाराने, आणि तेही नव्या घरात. पाण्यासाठी 'जळ' घ्यावं लागलं. हा शब्द मी बोलताना कधीच वापरत नाही, पण 'जळात' लघू-गुरू-लघू असल्यामुळे हवा तिथे बसतो. 'दुज्यांकडे' मलाही फारसं आवडलेलं नाही. त्या जागी दुसरं काही सुचलं नाही, हे खरं.

'नव्या', 'तिच्यात', 'उन्हात' यांतलं पहिलं अक्षर बोलताना आघात येत नाही म्हणून लघू धरलं आहे. कृपया ती चूक समजू नये.

बाजाराचा वार. आजी भाजीची टोपली घेऊन जायची तो बाजार गुरुवारचा. 'गुरुवार' चामरात येत नाही. मंगळ, बुध, शनी, रवी, कुणीच येत नाही. अख्ख्या आठवड्यात सोमवार आणि शुक्रवार एवढेच दोन वार या वृत्ताला चालतात. शुक्रवारी आजीचा उपास असायचा, म्हणून सोमवार घेतला. टोपली धुऊन उन्हात ठेवण्याची सवय खरी आहे. बाजार बुडाल्यावरही ती कितीतरी वर्षं दर आठवड्याला टोपली घासायची, उलटी करून भिंतीला टेकवायची आणि संध्याकाळी आत आणायची. तिला कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

देवळाच्या शेराबद्दल बाहेरगावच्या वाचकांसाठी एक ओळ: धरणातलं पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. लोक चिखल तुडवत, होडीने जातात. तसंच थंडीत भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी. पाखरांवर माझा राग नाही.

'व्याज फेडले किती, नि सावकार राहिले' अशीही एक ओळ झाली होती. फार सहज बसली, आणि म्हणूनच काढून टाकली. काफियाने ओढून आणलेला शेर वाचणाऱ्याला लगेच कळतो. उलट 'उमेदवार' आठवडाभर छळत होता. त्याच्या आधीची सात अक्षरं मिळेनात. ती मिळाली एसटीत, तिकिटाच्या मागे लिहून घेतली. त्या ओळीत 'नाव' म्हणजे होडी की यादीतलं नाव, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते, हे सुरेश भटांनी बाराखडीत शिकवलेलं मी विसरलेलो नाही. इथे शेर एकाच गावात फिरतात, तरी पत्राचा शेर कुणी सुटा वाचला तर त्याला धरण आठवू नये अशी माझी इच्छा आहे. तो शेर त्या गावचा नाहीच. कुठला आहे ते इथे लिहिण्याची गरज नाही.

पाठवण्याआधी गझल वडिलांना वाचून दाखवली. ते मतल्यालाच थांबले. म्हणाले, "दार कुठं राहिलं तिथं? आपण काढून आणलं की." खरं आहे. गावं उठली तेव्हा लोकांनी वासे, तुळया, चौकटी सगळं उतरवून बैलगाडीत घातलं होतं. पाण्याखाली राहिल्या त्या नुसत्या भिंती.

मी म्हटलं, बदलतो. ते म्हणाले, "राहू दे. ऐकायला बरं वाटतं."

दार आता गोठ्याला आहे. चौकट ठेंगणी आहे, आत जाताना वाकावं लागतं.