आज साडेदहाच्या इंटरव्ह्यूला पोचायला उशीर होतोय

बुधवार, सकाळी ९:३८, व्हॉट्सॲप

मॅडम नमस्कार, मी अभिजित. म्हाळुंग्याच्या प्लांटला क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी आज १०:३० ला माझा इंटरव्ह्यू आहे. मला पोचायला साधारण ४० मिनिटं उशीर होईल, ११:१० धरून चला.

नाशिक रोडवर मोशीच्या पुढे लोड ट्रेलर आडवा बंद पडलाय. सव्वानऊपासून आमची कॅब एक किलोमीटरसुद्धा सरकलेली नाही.

इंटरव्ह्यू मला द्यायचाच आहे, परत फिरत नाहीये. माझी वेळ ११:१५ करता येईल का, किंवा माझ्यानंतरच्या उमेदवाराला आधी घेता येईल का, एवढं प्लांटला विचाराल का? लगेच फोनही करतो.

९:४३, व्हॉट्सॲप

मॅडम, दोनदा फोन केला, तुमचा नंबर बिझी येतोय. सारखा लावत बसत नाही, तुम्हाला वेळ झाला की मिस्ड कॉल द्या, मी करतो. वरचाच मेसेज साध्या एसएमएसनेही पाठवलाय, इथे नेट मधूनमधून जातंय. लाइव्ह लोकेशन एका तासासाठी चालू केलंय.

प्लांटला पुढे पाठवायला सोपं जावं म्हणून खाली दोन ओळी देतो, जशाच्या तशा फॉरवर्ड केल्यात तरी चालेल:

"क्वालिटी इंजिनियर पदाचे १०:३० चे उमेदवार अभिजित पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीजवळ वाहतूक कोंडीत अडकले आहेत. ११:१० पर्यंत रिसेप्शनला पोचतील. आजच इंटरव्ह्यू व्हावा अशी त्यांची विनंती आहे."

९:५२, रिक्रूटर मॅडम

अभिजित, बघितला मेसेज. दुसऱ्या कॉलवर होते. प्लांट एचआरशी बोलले. त्यांना अडचण कळली आहे, पण क्वालिटी हेड साहेबांची ११:३० ला कस्टमर ऑडिटची मीटिंग आहे, ती हलणार नाही. मला आधी सांगा, ११:१० नक्की आहे का? एकदा वेळ बदलून दिली की मला परत बदलून मागता येत नाही. आणि मला व प्लांट एचआरला एक मेल टाकून ठेवा, त्यांना रेकॉर्डला लागतो.

९:५४, व्हॉट्सॲप

हो मॅडम, ११:१० नक्की. कॅबमध्ये बसून राहिलो तर नक्की नाही, म्हणून कॅब सोडतोय आणि चालत मोई फाट्याला जातोय. तिथून निघोजेमार्गे रिक्षाने येतो. हिशोब मेलमध्ये लिहितो.

१०:०१, मेल

विषय: क्वालिटी इंजिनियर, आज १०:३० चा इंटरव्ह्यू: ११:१० ला पोचत आहे

आदरणीय मॅडम,
(प्रत: प्लांट एचआर विभाग)

आज सकाळी १०:३० ला ठरलेल्या इंटरव्ह्यूला मी वेळेवर पोचू शकत नाही, याबद्दल आपल्या दोघांचीही मनापासून क्षमा मागतो. मी ११:१० पर्यंत रिसेप्शनला हजर होईन.

कारण: स्वारगेटहून ८ च्या सुमारास मेट्रो धरून नाशिक फाट्याला ८:३० ला उतरलो आणि ८:४० ला कॅबने निघालो. एरवी तिथून म्हाळुंग्याला तास लागतो, म्हणजे पाऊण-एक तास हाताशी होता. मोशीच्या पुढे चाकणच्या दिशेने स्टीलच्या कॉइल भरलेल्या ट्रेलरचा मागचा एक्सल तुटला आहे. कॅबचे ड्रायव्हर पुढे जाऊन बघून आले. हायड्रा येऊन उभी आहे, पण एवढ्या वजनाची कॉइल तिला उचलत नाही, मोठी क्रेन बोलावली आहे. कॉइल उतरल्याशिवाय ट्रेलर ओढता येणार नाही. त्यामुळे रस्ता कधी मोकळा होईल ते इथे कुणालाच सांगता येत नाही आणि त्या भरवशावर मी आपल्याला वेळ देऊ इच्छित नाही.

११:१० चा हिशोब असा. मोई फाटा इथून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. रिक्षा मिळायला दहा मिनिटं धरली. मोई, निघोजे करून म्हाळुंग्यापर्यंत अर्धा तास. पहिल्या शिफ्टच्या बस केव्हाच आत गेल्या आहेत, त्यामुळे आतल्या रस्त्याला आत्ता गर्दी नसते. म्हणजे गेटला १०:५५ आणि गेटवरच्या नोंदीला पंधरा मिनिटं. रिक्षा मिळायला वेळ लागला किंवा आतही रस्ता अडला, तर १०:३० च्या आत कळवेन. शेवटच्या क्षणी कळवणार नाही.

गेटवरचा वेळ वाचावा म्हणून एक विनंती. व्हिजिटर पास १०:३० च्या वेळेचा निघाला असेल, तर सिक्युरिटीला नवी वेळ कळवून ठेवावी. वेळ उलटून गेलेल्या पासवर बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत आणि रिसेप्शनला फोन करून खात्री करण्यात दहा मिनिटं जातात. माझ्याकडे मूळ आधार कार्ड आहे. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह आणलेले नाहीत, त्यामुळे सीरियल नंबरची नोंद करावी लागणार नाही. फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावायला हरकत नाही. सेफ्टी शूज घालूनच आलो आहे, स्टोअरमधून काढायला नकोत.

इंटरव्ह्यूच्या क्रमाबद्दल. कळवल्याप्रमाणे आधी साहेबांशी टेक्निकल राउंड, मग ड्रॉइंग रीडिंगची अर्ध्या तासाची लेखी चाचणी आणि शेवटी लाइनवर फेरी असा क्रम होता. साहेबांना ११:३० ला मीटिंग आहे असं मॅडमनी सांगितलं. त्यांची मीटिंग माझ्यामुळे अडू नये. शक्य असल्यास ११:१५ ला लेखी चाचणी घ्यावी, त्यानंतर लाइन इनचार्जबरोबर शॉप फ्लोअरची फेरी करावी आणि साहेब मोकळे झाले की टेक्निकल राउंड घ्यावा. त्यासाठी मी दुपारी ४ पर्यंत थांबू शकतो. तीनला शिफ्ट बदलते, त्या गडबडीत जमणार नसेल तर त्यानंतरची वेळही चालेल.

हे जमणार नसेल, तर साहेबांनी वीस मिनिटांचा टेक्निकल राउंड आधी घेतला आणि बाकीचं मागून झालं, तरी माझी तयारी आहे. उद्या गुरुवार, प्लांटला साप्ताहिक सुट्टी, म्हणून आजच व्हावं अशी इच्छा आहे. अगदीच अशक्य असेल तर शुक्रवारी सकाळी ९ वाजता येईन आणि त्यासाठी आदल्या रात्रीच भोसरीला नातेवाइकांकडे मुक्कामाला असेन.

सोबत बायोडाटा आणि एका कंट्रोल प्लॅनचा नमुना पुन्हा जोडत आहे. आधीच्या कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि टॉलरन्स झाकले आहेत. साहेबांना थांबावं लागलं तर तेवढ्यात नजरेखालून घालता येईल.

आपल्या वेळापत्रकाचा घोळ झाला याची मला जाणीव आहे. मॅडमनी माझं नाव पुढे केलं, त्यांचा शब्द खाली पडू नये हीही काळजी आहे.

आपला नम्र,
अभिजित

१०:०९, रिक्रूटर मॅडम

मेल बघितला. प्लांट एचआरना क्रम बदलायची कल्पना पटली आहे. ११:१५ ला लेखी चाचणी, नंतर फेरी. साहेब दीडनंतर भेटतील. पास १०:४५ ते ४:०० असा बदलून घेतलाय. घाईने रस्ता ओलांडू नका, सांभाळून या.

१०:१०, व्हॉट्सॲप

खूप आभार मॅडम. आता चालतोय, पोचलो की लिहितो.

१०:२४, व्हॉट्सॲप

रिक्षा मिळाली, निघालो. ११:१० कायम आहे. फोन ३४ टक्क्यांवर आहे म्हणून लाइव्ह लोकेशन बंद केलंय, कॉल आणि मेसेज चालू आहेत.

१०:५६, व्हॉट्सॲप

गेटला पोचलो, पण रिक्षावाल्यांनी मटेरियल गेटला सोडलं. व्हिजिटर गेट पलीकडच्या बाजूला आहे, चालत पाच मिनिटं. पुढच्या उमेदवारांना पत्ता पाठवताना "व्हिजिटर गेट, मटेरियल गेट नव्हे" एवढं लिहिलंत तर त्यांची चक्कर वाचेल, मॅपवर दोन्हीला एकच पिन दिसते.

११:०८, व्हॉट्सॲप

मॅडम, रिसेप्शनला बसलोय. पास तयार होता, गेटवर चार मिनिटंच लागली. फोन आता सायलेंटवर टाकतोय.

दुपारी ३:२०, मेल

विषय: आजचा इंटरव्ह्यू पूर्ण झाला, आभार

आदरणीय मॅडम,
(प्रत: प्लांट एचआर विभाग)

तिन्ही राउंड आज पूर्ण झाले. लेखी चाचणी ११:१५ ला सुरू झाली. क्वालिटी हेड साहेब १:४० ला भेटले आणि त्यांनी पन्नास मिनिटं दिली. उशिराबद्दल मी सुरुवातीलाच त्यांची क्षमा मागितली. "कळवलं होतंत ना," एवढं म्हणून त्यांनी ड्रॉइंग समोर ठेवलं. ते तुमच्या सकाळच्या फोनमुळेच.

लेखी चाचणीत पोझिशन टॉलरन्सच्या एका प्रश्नात मी बोनस टॉलरन्स धरायला विसरलो. साहेबांसमोर ती चूक मी आपणहून दाखवली आणि बरोबर उत्तर काढून दिलं. त्यांचा अभिप्राय तुमच्याकडे येईल तेव्हा संदर्भ असावा म्हणून कळवतोय.

प्लांट एचआरनी मागितलेल्या कागदांपैकी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आत्ता जोडल्या आहेत. रिलीव्हिंग लेटरची मूळ प्रत घरी आहे, ती स्कॅन करून रात्री ९ पर्यंत पाठवतो. नोटीस पीरियड ३० दिवसांचा, त्यात बदल नाही.

पुढच्या फेरीसाठी बोलावणं आलं आणि वेळ सकाळची असेल, तर मी नाशिक रोड न धरता देहू-आळंदी रस्त्याने किंवा तळेगावकडून येण्याचा विचार करतोय. दोन्हींपैकी कोणता रस्ता त्या वेळेला मोकळा असतो, हे प्लांटच्या बस ड्रायव्हरना पक्कं माहीत असतं. एचआरना विचारून कळवलंत तर बरं होईल.

आपला,
अभिजित