पगार थांबला तर किती महिने निघतील?

स्लाइड 1
उद्यापासून पगार बंद झाला तर तुमचे किती महिने निघतील?
आकडा पटकन सांगता आला नाही ना, मग स्वाइप करा 👉

स्लाइड 2
माझी पहिली नोकरी शुक्रवारी दुपारी गेली, सोमवारपासून यायचं नाही म्हणाले, आणि अकाउंटला 11 हजार होते. घरभाड्याची तारीख पाच दिवसांवर. दुसरी नोकरी मिळायला चार महिने लागले, ते निघाले मैत्रिणीकडून घेतलेल्या उसन्या पैशांवर आणि क्रेडिट कार्डवर, आणि ते फेडायला पुढे दीड वर्ष गेलं. पण सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? जी पहिली ऑफर आली ती कमी पगाराची होती तरी घेतली, कारण थांबायला पैसेच नव्हते.

स्लाइड 3
पगार थांबला तर वापरायला बाजूला ठेवलेले पैसे म्हणजे इमर्जन्सी फंड. त्यासाठी मोजायचं ते खर्चाचे महिने, पगाराचे नाही!
पगार थांबला तरी जे थांबत नाही तेवढंच धरा: भाडं, किराणा, लाइट बिल, नेट-रिचार्ज, प्रवास, औषधं, कर्जाचे हप्ते, घरी पाठवता ते पैसे. विम्याचा प्रीमियम वर्षातून एकदाच जातो म्हणून विसरतो आपण, त्याला 12 ने भागून तोही धरा.
ट्रिपा, शॉपिंग, बाहेरचं जेवण सोडून द्या, तेव्हा ते आपोआप बंद होतं.
समजा पगार 35 हजार आणि न थांबणारा खर्च 20 हजार, तर तुमचा एक महिना म्हणजे 20 हजार.

स्लाइड 4
मग किती महिने?
👉 आईबाबांसोबत राहता, हप्ता नाही, तुमच्यावर कोणी अवलंबून नाही: 3 महिने, म्हणजे 60 हजार
👉 भाड्याने राहता किंवा हप्ता चालू आहे: 6 महिने, 1 लाख 20 हजार
👉 फ्रीलान्स करता, किंवा घरात कमावणारे तुम्ही एकटेच: 9 ते 12 महिने

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स सहसा नोकरीसोबतच जातो, म्हणजे ज्या महिन्यात पगार नाही त्याच महिन्यात विमापण नाही. स्वतःची वेगळी पॉलिसी नसेल तर ती आधी बघा, कारण हॉस्पिटलचं मोठं बिल सहा महिन्यांचा फंड एका आठवड्यात संपवू शकतं.

स्लाइड 5
1 लाख 20 हजार ऐकून पोटात गोळा आला असेल तर तो आकडा सध्या बाजूला ठेवा. आधी फक्त एक महिना.
दर महिन्याला 4 हजार टाकले तर पाच महिन्यांत एक महिना तयार, पंधरा महिन्यांत तीन. सहाला अडीच वर्षं लागतात, पण मधे बोनस आला, पगार वाढला की त्यातला अर्धा इकडे वळवा म्हणजे लवकर होईल.
पगाराच्या दुसऱ्या दिवशी ऑटो ट्रान्सफर लावा. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू म्हटलं की उरत नाही, मी दोन वर्षं हेच केलंय.
कार्डचं बिल थकलंय? एक महिन्याचा फंड करा, मग सगळा जोर कार्ड फेडण्यावर, कारण त्याचं व्याज कुठल्याही एफडीपेक्षा कितीतरी जास्त असतं. बाकीचे महिने त्यानंतर.

स्लाइड 6
ठेवायचा कुठे?
पहिला महिना: वेगळ्या सेव्हिंग अकाउंटला, रोजच्या पेमेंट अ‍ॅपला न जोडलेल्या. डेबिट कार्ड मात्र जवळ असू द्या, रात्री दोन वाजता अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर हेच पैसे हाताशी असतात.
पुढचे दोन-तीन महिने: एफडी, पण एक मोठी नको, छोट्या छोट्या करा. मधेच मोडली की थोडं व्याज कापतात, तुकडे असतील तर एकच मोडावी लागते. मोडता येते ना हे उघडतानाच विचारा, काही मधे मोडता येत नाहीत.
त्यापुढचे: एफडीच किंवा लिक्विड फंड, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड. लिक्विड फंडाचे पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी येतात, शनिवार-रविवार आला की अजून थांबा, आणि परताव्याची गॅरंटी नसते, म्हणून सगळं त्यात नको.

स्लाइड 7
इथे नको ❌
शेअर्स आणि इक्विटी फंड: 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जगभरचे बाजार काही आठवड्यांत साधारण एक तृतीयांश पडले आणि त्याच सुमारास लोकांच्या नोकऱ्याही गेल्या. नंतर बाजार वर आला हे खरं, पण ज्याला एप्रिलचं भाडं भरायचं होतं त्याला पडलेल्या भावातच विकावं लागलं.
लॉक-इन असलेलं, म्हणजे मुदतीआधी काढता येत नाही असं काहीही.
मित्राला "दोन महिन्यांसाठी" दिलेले.

स्लाइड 8
फोनचा सेल, मित्राचं लग्न, नवीन गाडीचं डाउन पेमेंट ही इमर्जन्सी नाही, त्यांच्या तारखा आधीच माहीत असतात. त्यासाठी वेगळे पैसे साठवा.
नोकरी जाणं, आजारपण, घरच्यांसाठी अचानक निघावं लागणं, ज्या लॅपटॉपवर काम चालतं तो बंद पडणं, याला बिनधास्त वापरा, त्यासाठीच आहे तो. अपराधी वाटून घेऊ नका, पगार सुरू झाला की पुन्हा भरायला लागा.

कॅप्शन
आज दोनच कामं करा: मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडून तुमचा "एक महिना" काढा, आणि वेगळ्या अकाउंटला जमेल तेवढी रक्कम टाका, 500 असली तरी चालेल. नॉमिनी लावायला विसरू नका, आणि हे पैसे कुठे आहेत ते घरात एका माणसाला सांगून ठेवा, कारण अ‍ॅडमिट तुम्हीच असाल तर पैसे दुसऱ्यालाच काढावे लागणार. तुमचा फंड आत्ता किती महिन्यांचा आहे ते कमेंटमध्ये लिहा, शून्य असेल तर शून्य लिहा 🙏

#इमर्जन्सीफंड #पहिलापगार #बचत